खोटं कशाला बोलू... मुलांच्या चॅटमधील ngl, tbh, fr आणि smh कसे वाचावेत?

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जेवणाच्या टेबलावर विसरलेला दहावीतल्या मुलाचा मोबाइल लुकलुकतो आणि पडद्यावर एक ओळ उमटते : 'ngl तू आज जरा जास्तच केलंस. smh'. पाणी प्यायला उठलेल्या वडिलांच्या नजरेस ती पडते. पहिली तीन अक्षरे त्यांना कळतच नाहीत. शेवटच्या तीन अक्षरांचा अर्थ ते आपल्या परीने लावतात - 'सो मच हेट', म्हणजे प्रचंड द्वेष. मुलाला कोणीतरी त्रास देत आहे, अशी त्यांची खात्री पटते आणि मग रात्री अकराला घरात उलटतपासणी सुरू होते. मुलगा आधी गोंधळतो, मग हसतो, आणि शेवटी 'तुम्ही माझा फोन का वाचलात?' या प्रश्नावर येऊन चिडतो. मूळ ओळ बाजूलाच राहते.

किशोरवयीन मुले असलेल्या अनेक घरांना असे प्रसंग नवे नाहीत. मुलांच्या चॅटमधील लघुरूपांची लांबलचक यादी पाठ करून हा प्रश्न सुटत नाही. यादी सहा महिन्यांत जुनी होते आणि तिच्यातील अर्थ शब्दकोशासारखे वापरले, तर ते बहुधा चुकतात. त्याऐवजी सर्वाधिक वेळा दिसणारी चार लघुरूपे नीट समजून घेतली, तर बाकीची वाचण्याची रीतही हाती लागते. ही चार म्हणजे ngl, tbh, fr आणि smh.

तेव्हा जागा वाचवायची होती

आज ज्यांची मुले दहावी-बारावीत आहेत, त्या पालकांनीही आपल्या कॉलेजच्या दिवसांत लघुरूपे भरपूर वापरली आहेत. gr8, brb, tc ही त्यांचीच भाषा. मात्र तिच्यामागचे कारण वेगळे होते. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतील १६० अक्षरे मावत. देवनागरीत लिहिले, तर ती मर्यादा अवघ्या ७० अक्षरांवर येई. मराठी संदेश रोमन लिपीत लिहिण्याची सवय लागण्यामागे हेही एक कारण होते. त्यातच फोनवर बारा कळांचा कीपॅड. एक s उमटवायचा, तर सात आकड्याची कळ चार वेळा दाबावी लागे. सणासुदीला सवलतीचे एसएमएस बंद होत आणि प्रत्येक संदेशाला पूर्ण दर पडे. साहजिकच प्रत्येक अक्षर मोजून लिहिले जाई.

आज मुलांच्या हातातील फोनवर अशी मर्यादा नाही. इंटरनेटवरील संदेशाला अक्षरागणिक पैसे पडत नाहीत आणि कीबोर्ड पुढचा शब्द स्वतःच सुचवतो. तरीही लघुरूपे टिकून आहेत, कारण त्यांचे काम बदलले आहे. पूर्वीचे लघुरूप शब्द आखूड करी. आताचे लघुरूप बोलण्यातील सूर दाखवते. समोरासमोर बोलताना आवाजाची पट्टी, भुवयांची हालचाल, खांदे उडवणे यांतून माणसाचा रोख कळतो. पडद्यावरील अक्षरांतून यातील काहीच पोहोचत नाही. ही उणीव मुले या लघुरूपांनी भरून काढतात. म्हणून 'या अक्षरांचा अर्थ काय?' असे विचारण्यापेक्षा 'ही अक्षरे कोणत्या सुरात म्हटली आहेत?' हा प्रश्न पालकांना अधिक उपयोगी पडतो.

चार लघुरूपे, चार सूर

ngl म्हणजे 'नॉट गॉना लाय'. शब्दशः 'मी खोटे बोलणार नाही'. पण मराठी बोलण्यात आपण ज्या जागी 'खोटं कशाला बोलू' म्हणतो, नेमकी तीच त्याची जागा आहे. कबुलीच्या आधी ते येते आणि ती कबुली बहुधा किंचित संकोचाची किंवा अपेक्षेच्या उलट असते. 'ngl मला तो सिनेमा आवडला' असे मुलगी लिहिते, तेव्हा त्या सिनेमाला तिचा सारा गट नावे ठेवत असणार, असे समजावे. टीका करण्याआधीही ngl येते. 'बोलणे कडू आहे, पण मनापासून आहे' अशी सूचना त्यात असते. एरवी ही मुले खोटे बोलतात, असा अर्थ त्यातून काढू नये.

tbh म्हणजे 'टू बी ऑनेस्ट', आपले 'खरं सांगायचं तर'. वाक्यातील जागा बदलली, की त्याचा भारही बदलतो. सुरुवातीला आले, तर पुढे स्पष्ट मत येणार असते : 'tbh मला क्लास बदलायचा आहे'. शेवटी आले, तर ते मताची धार कमी करते : 'ठीकच होतं tbh'. या दुसऱ्या प्रकारात प्रामाणिकपणाचा फारसा संबंध नसतो. बोलताना आपण वाक्याच्या शेवटी 'म्हणजे... मला तरी असं वाटतं' असे पुटपुटतो, तसे ते असते.

fr म्हणजे 'फॉर रिअल'. हे लघुरूप अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून पुढे आले आणि समाजमाध्यमांतून जगभरच्या मुलांच्या तोंडी बसले. त्याची तीन रूपे ओळखता आली, की पुरे. एकटेच आले तर तो होकार - 'अगदी!'. प्रश्नचिन्हासह आले तर आश्चर्य - 'खरंच?'. दोनदा आले, म्हणजे frfr, तर 'थट्टा नाही, खरोखरच'. या तिसऱ्या रूपाकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. मुलांचे बरेचसे चॅट उपरोधाचे आणि अतिशयोक्तीचे असते. त्या गदारोळात एखादी गोष्ट गांभीर्याने सांगायची असेल, तर तशी खूण करावी लागते. frfr हे त्या खुणेचे काम करते.

smh म्हणजे 'शेकिंग माय हेड', नकारार्थी मान हलवणे. चारांपैकी हे खऱ्या अर्थाने शब्द नव्हे, ती एक हालचालच आहे. मराठी माणूस 'काय म्हणावं आता!' म्हणत कपाळाला हात लावतो, तीच ही कृती. तिच्यात वैताग असतो, निराशा असते आणि मित्रामित्रांत पुष्कळदा माया असते. 'पुन्हा डबा विसरला smh' यात द्वेषाचा लवलेशही नाही. 'सो मच हेट' हा अर्थ पालकांनी ऐकीव माहितीवरून लावलेला असतो.

लघुरूपांची अशी फसगत केवळ आपल्याकडेच होते असे नाही. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आपल्या संदेशांखाली LOL लिहीत. मोठ्याने हसणे हा त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. 'लॉट्स ऑफ लव्ह', म्हणजे भरभरून प्रेम, असे त्यांना वाटे. संपादक रिबेका ब्रुक्स यांनी मे २०१२ मध्ये लेव्हसन चौकशीसमोर ही गोष्ट सांगितली.

चारांपैकी तीन लघुरूपे खरेपणाची ग्वाही देतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जिथे सगळेच थट्टेत बोलतात, तिथे खरे बोलणाऱ्याला तसे आवर्जून सांगावे लागते.

पूर्णविरामाचा राग

लघुरूपांइतकेच सांगणारी आणखी एक खूण पालकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे पूर्णविराम. मोठी माणसे वाक्य संपले की पूर्णविराम देतात. मुलांच्या चॅटमध्ये मात्र संदेश पाठवणे म्हणजेच वाक्य संपणे. त्यामुळे एका शब्दाच्या उत्तरापुढे मुद्दाम दिलेला पूर्णविराम तुटक, रागीट वाटतो. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये विद्यार्थ्यांवर याची चाचणी घेतली. एकाच शब्दाचे उत्तर पूर्णविरामासह दाखवले असता, विद्यार्थ्यांना ते कमी मनापासूनचे वाटले. कागदावर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तोच पूर्णविराम असता असा फरक पडला नाही.

याचा उपयोग दोन्ही बाजूंनी आहे. आईने लिहिलेले 'बरं.' मुलीला रागाचे का वाटते, याचे उत्तर यात आहे. आणि एरवी विरामचिन्हांशिवाय लिहिणारी मुलगी एकाएकी पूर्णविराम देऊ लागली, तर तिचा सूर बदलला आहे, हेही यातून कळते.

एक संवाद, ओळीओळीने

उदाहरणादाखल दहावीच्या पूर्वपरीक्षेनंतरचा तीन मैत्रिणींचा हा संवाद पाहू. मुली मराठीही रोमन लिपीत लिहितात. येथे वाचकांच्या सोयीसाठी मराठी शब्द देवनागरीत दिले आहेत.

पहिली : गणित कसं गेलं
दुसरी : बरं गेलं tbh
तिसरी : fr? मला शेवटचे दोन आलेच नाहीत
दुसरी : ngl मी पण शेवटचा अंदाजे लिहिला
पहिली : सरांनी तेच दोन वर्गात सोडवले होते smh
तिसरी : kms 💀

शेवटची ओळ वाचून कोणत्याही आईचे काळीज चरकेल, कारण kms म्हणजे 'किल मायसेल्फ', स्वतःला संपवणे. पण घाईने शेवटच्या ओळीवर उडी न मारता वरून खाली यावे.

दुसरीचे tbh शेवटी आले आहे. म्हणजे 'बरं गेलं' हे ती जपून सांगते आहे. मैत्रिणींचा पेपर वाईट गेला असेल, तर आपण मिरवतो आहोत असे दिसायला नको, ही काळजी त्यात आहे. तिसरीचे fr प्रश्नार्थक आहे. तिला आश्चर्य वाटते आणि थोडा धक्काही बसतो. तो धक्का दुसरीच्या लक्षात येतो आणि ती ngl लिहून कबुली देते. ही कबुली म्हणजे मैत्रिणीला दिलेला धीर आहे : 'तू एकटी नाहीस'. पहिलीच्या smh चा रोख पेपर काढणाऱ्या सरांवर नाही, तर वर्गात लक्ष न देणाऱ्या आपल्या तिघींवर आहे. या ओघात तिसरीचे kms येते आणि त्याला जोडून कवटीचे चिन्ह येते. मुलांच्या भाषेत कवटी म्हणजे 'हसून मेले'. रडणारा चेहराही पुष्कळदा हसण्यासाठीच असतो. तेव्हा संवाद तिघींत आहे, चालू घटनेवर आहे, आधीची ओळ थट्टेची आहे आणि शेवटी हसण्याची खूण आहे. येथे kms चा अर्थ 'आता मेलेच मी' असाच घ्यायचा. गणिताचा पेपर अवघड गेला, की मराठी घरांतून हे वाक्य कित्येक पिढ्या ऐकू येत आहे.

आता तीच तिसरी मुलगी चार दिवसांनी रात्री एक वाजता फक्त दुसरीला लिहिते, असे समजू.

तिसरी : काही फरक पडत नाही.
दुसरी : काय झालं
तिसरी : काही नाही. kms frfr.

अक्षरे तीच आहेत, पण बाकी सारे बदलले आहे. गट नाही, एकच मैत्रीण आहे. वेळ अपरात्रीची आहे. समोर कोणती तात्कालिक घटना नाही. हसण्याची खूण गेली आणि पूर्णविराम आले. आणि थट्टा नाही, असे सांगणारे frfr जोडले गेले. हा संदेश गांभीर्यानेच घ्यायला हवा. मैत्रिणीने तो मोठ्या माणसाला सांगणे ही चहाडी नव्हे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, कारण असे संदेश पालकांच्या आधी मैत्रिणींनाच दिसतात.

वाचण्याची रीत ती हीच. लघुरूप कोणासमोर लिहिले, कशाच्या उत्तरादाखल लिहिले, त्याच्या आगेमागे कोणत्या खुणा आहेत आणि या मुलाच्या नेहमीच्या लिहिण्यापेक्षा ते वेगळे आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. यांपैकी चौथा सर्वांत महत्त्वाचा. रोज दहा वेळा kms लिहिणारा मुलगा आणि कधीच न लिहिणारा मुलगा यांच्या एकाच संदेशाचे वजन सारखे नसते. पडद्यावर ओझरती दिसलेली एक ओळ यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

शंका आली तर

शंका खरी असेल, तर सरळ विचारावे. 'तू ते लिहिलंस, ते थट्टेत होतं की खरंच तसं वाटतंय? काहीही असलं तरी मी रागावणार नाही,' एवढे पुरते. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट विचारल्याने बोलण्याची वाट मोकळी होते. झोप आणि जेवण बदलणे, मित्रांपासून तुटणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, निरोपाची भाषा करणे यांपैकी काही चॅटबरोबरच दिसत असेल, तर मुलाला एकटे सोडू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात दिरंगाई करू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ ही आहे.

kms शी मिळतेजुळते kys हे मात्र वेगळे प्रकरण आहे. त्यात स्वतःला नव्हे, तर समोरच्याला संपण्यास सांगितलेले असते. खेळात हरलेल्या मित्राला मुले ते सर्रास लिहितात, म्हणून प्रत्येक वेळी ते छळाचे लक्षण नसते. पण अनेकांनी मिळून एकालाच, पुन्हा पुन्हा लिहिले असेल, तर ती थट्टा राहत नाही. अशा वेळी संदेश पुसून टाकण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत, ॲपमध्ये तक्रार नोंदवावी आणि शाळेला कळवावे. फोन काढून घेणे हा पहिला उपाय असू नये. ज्याला त्रास झाला, त्याचाच फोन गेला, तर पुढच्या वेळी तो घरी सांगणार नाही.

ngl जेव्हा शब्द नसतो

याच तीन अक्षरांना आणखी एक चेहरा आहे आणि तो जोखमीचा आहे. NGL नावाचे एक ॲप आहे. मुले त्यावरून मिळालेला दुवा आपल्या इन्स्टाग्राम स्टोरीवर लावतात. स्टोरी पाहणारा त्यावर टिचकी मारून, नाव न सांगता, काहीही लिहून पाठवू शकतो. संदेश मिळतो, पाठवणारा कळत नाही. वर्गातील कोणीतरी आपल्या दिसण्यावर घाणेरडे लिहिले आहे आणि उद्या त्याच तीस-चाळीस चेहऱ्यांत जाऊन बसायचे आहे, ही अवस्था चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पोखरून काढते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर गंभीर आरोप ठेवले. मुलांना आलेले काही संदेश खऱ्या ओळखीच्या माणसांचे नव्हते, तर कंपनीनेच पाठवले होते. ते कोणी पाठवले, हे कळेल असे भासवून पैसे भरायला लावले जात आणि पैसे भरूनही नाव मिळत नसे. धमकावणीचे संदेश गाळले जातात, हा दावाही खोटा होता, असे कमिशनचे म्हणणे होते. जुलै २०२४ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि अठरा वर्षांखालील मुलांना ही सेवा देण्यास तिला मनाई करण्यात आली.

फरक ओळखणे सोपे आहे. वाक्यात, लहान अक्षरांत आलेले ngl म्हणजे 'खोटं कशाला बोलू'. स्टोरीवर किंवा प्रोफाइलमध्ये ngl.link असा पत्ता दिसला, तर ते ॲप. पहिल्याबद्दल चिंता करण्याचे कारण नाही. दुसरे दिसले, तर 'त्यावर लोक काय काय लिहितात?' एवढे विचारावे. संदेश आधीच आले असतील आणि त्यांनी मूल अस्वस्थ असेल, तर त्यातील काही संदेश माणसाने लिहिलेलेही नसू शकतात, एवढी माहितीसुद्धा त्याला हलके करते.

पालकांनी काय टाळावे?

मुलांची लघुरूपे समजून घेणे वेगळे आणि ती वापरणे वेगळे. वडिलांनी मुलाला 'जेवायला ये fr' असे लिहिले, तर मुलाला ते विनोदी तरी वाटते किंवा लाजिरवाणे तरी. ही भाषा वयाच्या गटाची आहे आणि मोठ्यांनी उचललेला शब्द मुले लवकरच टाकून देतात.

समाजमाध्यमांवरून पालकांकडे येणाऱ्या 'गुप्त संकेतांच्या' याद्यांवरही विसंबू नये. 'पालक मागून पाहत आहेत' अशा अर्थाचे POS किंवा 9 हे संकेत त्यांत हटकून असतात. हे संकेत जुन्या चॅटरूमच्या काळातले. आजच्या मुलाला लपवायचेच असेल, तर तो आपोआप पुसला जाणारा संदेश पाठवतो. त्याला संकेताची गरज नाही. ngl, tbh, fr आणि smh यांत लपवण्यासारखे काही नाही. अर्थ विचारला, तर बहुतेक मुले डोळे फिरवून का होईना, सांगतात. मात्र तो फोन न वाचता विचारावा लागतो.

सुरुवातीच्या त्या ओळीकडे आता पुन्हा पाहता येईल. 'ngl तू आज जरा जास्तच केलंस. smh'. म्हणजेच, 'खोटं कशाला बोलू, तू आज जरा जास्तच केलंस. काय म्हणावं तुला!' कोणी मुलाचा द्वेष करत नव्हते. एक मित्र दुसऱ्या मित्राला, राग न धरता पण स्पष्टपणे, त्याची चूक दाखवत होता. पूर्णविराम होता, म्हणजे तो थोडा दुखावलाही होता. त्या रात्री वडिलांनी विचारण्यासारखा प्रश्न एकच होता : 'आज शाळेत काही झालं का रे?'